कौतुक ऐकलं की पोटात गोळा येतो. "आपण भोंदू आहोत" ही समजूत विचाराने सैल होते का?

निळीशाई | ३ जून, रात्री ११:४०

बरेच दिवस लिहू की नको करत होते. मी एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. एमएस्सीला विद्यापीठात पहिली, मग पीएचडी, दोन वर्षं जर्मनीत संशोधन, आणि गेली सहा वर्षं इथे. कागदावर सगळं छान दिसतं. पण मनात एक वाक्य पक्कं बसलंय, की मला भौतिकशास्त्र येत नाही, मला फक्त पाठांतर येतं, आणि हे कुणाच्या तरी लक्षात यायचंच बाकी आहे.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला थर्मो शिकवते. एका तासासाठी सात-आठ तास तयारी करते. हाताने लिहिलेली तीस-तीस पानं होतात. तास बरा झाला की वाटतं, एवढी घोकंपट्टी केली म्हणून निभावलं. निवडसमितीने घेतलं तेव्हा वाटलं, नेमका माझ्या प्रबंधातलाच प्रश्न विचारला म्हणून लागली नोकरी.

आता विद्यापीठाच्या रिफ्रेशर कोर्समध्ये इतर कॉलेजांतल्या प्राध्यापकांसमोर दोन व्याख्यानं द्यायला बोलावलंय. महिन्याभरात कळवायचंय. नवरा म्हणतो, "अगं, तू हुशार आहेस म्हणून बोलावलं ना?" ते ऐकलं की उलट भीती वाढते. कुणाला असं झालंय का? आणि यातून विचार बदलून बाहेर पडता येतं का? "स्वतःवर विश्वास ठेव" सोडून काहीही सांगा.

---

पाचवापांडव | ४ जून, सकाळी ८:०५

ताई, अभिनंदन! तुम्हाला हे वाटतंय म्हणजेच तुम्ही हुशार आहात. डनिंग आणि क्रुगर यांनी सिद्ध केलंय की ज्याला येत नाही तो छाती फुगवून फिरतो आणि ज्याला येतं त्याला शंका येते. शंका हाच पुरावा. निवांत झोपा.

---

गावठी_कॉफी | ४ जून, सकाळी ९:३०

हा प्रकार फार वाढलाय. मी एचआरमध्ये आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे एक जण आठ वर्षांच्या अनुभवाचं पत्र घेऊन आला. फोन लावला तर ती कंपनी पाच वर्षांपूर्वीच बंद पडलेली. दुसऱ्याच्या जागी मुलाखतीला तिसराच बसला होता, तेही पकडलं. असे लोक सापडले की मी तरी दयामाया दाखवत नाही.

---

तळ्यातमळ्यात | ४ जून, सकाळी ९:४४

कॉफीदादा, त्या खऱ्या भोंदूंबद्दल विचारत नाहीयेत हो :) त्या खऱ्या आहेत आणि त्यांना आपण भोंदू वाटतोय.

---

गावठी_कॉफी | ४ जून, सकाळी १०:१०

अरेच्चा. घाईत शीर्षकच वाचलं. माफ करा ताई.

---

रानजाई | ४ जून, दुपारी ३:१५

कॉफी, माफी मागू नका, तुमचा प्रतिसाद मला फार उपयोगी पडणार आहे. मी पंधरा वर्षं समुपदेशन करते, त्या अनुभवातून लिहिते.

आधी पांडवांना. त्या १९९९च्या अभ्यासात वरच्या गटाने स्वतःला थोडं कमी लेखलं होतं हे खरं, पण कारण वेगळं होतं. "मला जमलं म्हणजे बाकीच्यांनाही जमलंच असणार" असा त्यांचा अंदाज होता. इतरांच्या उत्तरपत्रिका दाखवल्यावर त्यांनी स्वतःचा क्रमांक वर सरकवला. आपण उघडे पडू ही भीती त्यात कुठेच मोजलेली नाही. आणि शंका हाच हुशारीचा पुरावा म्हणायचं, तर शंका गेली की हुशारीही गेली म्हणावं लागेल. असा पुरावा निळीशाईंच्या हाती देऊ नका, त्या दोन दिवसांत त्याचीही भीती घेतील.

या भावनेवर पहिला शोधनिबंध १९७८ साली पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघींनी लिहिला. दीडशेहून अधिक यशस्वी स्त्रियांसोबतच्या कामावर तो आधारलेला होता. लोक याला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात, पण मनोविकारांच्या कुठल्याही अधिकृत यादीत हे नाही. क्लान्स यांनी पुढे जे चक्र मांडलं, ते निळीशाईंनी न वाचताच लिहून दाखवलंय. काम आलं, धास्ती घेतली, मग एकतर बेसुमार तयारी किंवा शेवटपर्यंत चालढकल. काम छान झालं, घटकाभर हायसं वाटलं. आणि मग हिशेब असा: बेसुमार तयारी केली असेल तर यश कष्टांचं, चालढकल केली असेल तर यश नशिबाचं. तुमच्या खात्यावर दोन्हीकडून शून्य.

म्हणून कौतुक आत शिरत नाही. नवरा "हुशार आहेस" म्हणतो तेव्हा तुमच्या मनात उमटतं, "यालाही फसवलं मी." कौतुक जितकं मोठं, तितकी पुढे पडायची उंची मोठी.

आता कॉफींचा माणूस घ्या. कुठला कागद खोटा आहे, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. निळीशाई, तुम्ही कागद-पेन घेऊन लिहा: "भौतिकशास्त्रातला भोंदू प्राध्यापक" म्हणजे कोण? तुम्ही न भेटलेल्या माणसाबद्दल लिहिताय असं समजा. तो काय करतो, काय लपवतो, कसा ओळखायचा. मग त्यातलं तुम्हाला काय लागू पडतं ते इथे सांगा. "मला तसं वाटतं" हे उत्तर चालणार नाही.

---

बापू_सातारा | ४ जून, सायंकाळी ६:५०

मी निवृत्त मुख्याध्यापक. विद्या विनयेन शोभते हे आम्ही भिंतीवर लिहून ठेवत असू. या बाईंना आपल्या ज्ञानाचा गर्व नाही, ही मला चांगलीच गोष्ट वाटते. तिच्यावर उपचार कशाला?

---

तळ्यातमळ्यात | ४ जून, रात्री ८:२०

बापू, आदर ठेवून सांगते, विनय असलेला माणूस रात्री दोनला उठून तिसऱ्यांदा नोट्स लिहीत नाही. मी सीए आहे. पहिल्या प्रयत्नात दोन्ही ग्रुप सुटले आणि मी महिनाभर निकालाची साइट उघडून रोल नंबर पुन्हा तपासत होते. त्यात विनय नव्हता, नुसती भीती होती.

---

निळीशाई | ५ जून, रात्री १२:१५

रानजाई, लिहिलं. वाटलं होतं दहा मिनिटांत होईल, दीड तास लागला.

मी लिहिलेला भोंदू असा: एक, दुसऱ्याचं संशोधन स्वतःच्या नावावर खपवतो. दोन, न समजलेली गोष्ट समजल्यासारखी दाखवतो आणि विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की त्याला गप्प बसवतो. तीन, पदवी खोटी. चार, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याला जागच्या जागी देता येत नाही.

पहिला आणि तिसरा मला लागू नाही. चौथा पूर्ण लागू आहे. मग लक्षात आलं की चौथा माझ्या गाइडलाही लागू होता. सर सेमिनारमध्ये सरळ "आय डोन्ट नो" म्हणायचे, आणि त्यांना भोंदू म्हणायचं माझ्या कधी मनातही आलं नाही. म्हणजे तो निकष मी फक्त माझ्यासाठी ठेवलाय. चौथा खोडला.

पण दुसरा अडकला. मी प्रश्न दाबत नाही, पण प्रश्न येऊच नये म्हणून तासात एक मिनिट मोकळं ठेवत नाही. तीस पानं त्यासाठीच असतात. हे लिहिताना रडू आलं.

---

उंबरठा | ५ जून, सकाळी ७:३०

धागा वाचतोय आणि अस्वस्थ होतोय. मी सर्जन आहे. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलो, राखीव जागेवरून प्रवेश घेतला. एमएसला असताना माझ्याच युनिटमधले सहकारी माझ्या देखत म्हणायचे, "याला केस देऊ नका, कोट्यातला आहे." पहिली दोन वर्षं मला दुसऱ्यांच्या निम्म्या केसेस मिळाल्या. मलाही वाटायचं की मी इथला नाही. तेव्हा एका समुपदेशकाने मला विचारांची वही दिली आणि "याला पुरावा काय?" असं विचारलं. पुरावा रोज समोर उभा होता! माझा विचार वाकडा नव्हता, ते युनिट वाकडं होतं. अशा वेळी माणसाच्या डोक्याची दुरुस्ती करायला निघणं हा त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय आहे.

---

रानजाई | ५ जून, दुपारी १:००

उंबरठा, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. माझ्याच क्षेत्रात ही चूक झाली आहे आणि होते. २०२१ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या एका गाजलेल्या लेखात स्त्रियांच्या बाबतीत हेच मांडलं होतं, की ज्या जागेने तुम्हाला परकं ठरवलं तिला सोडून तुम्हालाच "सिंड्रोम" चिकटवला जातो.

मी आता दोन वाक्यं वेगळी लिहून घेते. "ते मला इथला मानत नाहीत" हे एक, आणि "मी इथला नाही" हे दुसरं. तुमचं पहिलं वाक्य खरं होतं. त्यासाठी वही नको होती. केसेसच्या वाटपाची नोंद, तक्रार, सोबतीला कुणीतरी, हे हवं होतं. वहीचा उपयोग फक्त दुसऱ्या वाक्याला, आणि तोही पहिलं मान्य केल्यावर. तुमच्या समुपदेशकाने क्रम उलटा केला.

---

उंबरठा | ५ जून, रात्री ९:१०

क्रमाचं पटलं. पण ती दोन वाक्यं माझ्या मनात अजूनही वेगळी होत नाहीत. आज स्वतः युनिट चालवतो तरी टाका घालताना कुणी मागे येऊन उभं राहिलं की हात आखडतो. तुमच्याकडे याचं उत्तर असेलच असं नाही, पण लिहून ठेवतो.

---

रानजाई | ६ जून, सकाळी १०:२०

नाही, एका प्रतिसादात मावेल असं उत्तर माझ्याकडे नाही. दोन वर्षं रोज शिकवलेली गोष्ट आहे ती.

निळीशाई, तुमचा दुसरा निकष हीच गाठ आहे. तीस पानं हे तुमचं कवच. कवच घालून तास चांगला झाला की श्रेय कवचाला जातं, आणि त्याविना काय झालं असतं हे कधी कळतच नाही. समजूत टिकते ती अशी. तिच्याशी वाद घालून ती फारशी हलत नाही, कवच थोडं काढून बघावं लागतं. हा प्रयोगच आहे, आणि तुम्ही तर प्रयोगशाळेतल्या.

एक तास निवडा. तयारी अडीच तास, गजर लावून. नोट्स चार पानं. तासात दहा मिनिटं प्रश्नांसाठी मोकळी, आणि न येणारा प्रश्न आला तर सरळ "मला माहीत नाही, बघून सांगते" म्हणायचं. तासाच्या आधी भाकीत लिहा: नेमकं काय होईल, कोण काय करेल, तुमची खात्री किती टक्के. "वाईट होईल" असं लिहू नका, तिसऱ्या माणसाला मोजता येईल असं लिहा. तास झाल्यावर आधी घडलेलं लिहा, अर्थ मागाहून.

हा प्रयोग बिघडतो तो बहुधा एकाच ठिकाणी. माणूस एक कवच काढतो आणि गुपचूप दुसरं घालतो. "आज बरं नाही, तयारी जरा कमी आहे हं" असं सुरुवातीलाच सांगून टाकतो. मग तास चांगला गेला तरी श्रेय सांभाळून घेणाऱ्या मुलांचं.

---

तळ्यातमळ्यात | ६ जून, दुपारी १२:४०

मला कुणीतरी रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितलं होतं. सात दिवसांत वही फेकली, कारण प्रत्येक ओळ अशी: "क्लायंटने ऑडिटचं कौतुक केलं, पण त्याला सगळ्यांचंच कौतुक करायची सवय आहे." मग माझ्या थेरपिस्टने पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे घडलेलं, उजवीकडे फक्त "पण". पण खोडायचा नाही, लिहायचा. तीन आठवड्यांनी उजवा रकाना सलग वाचला तर एकाच महिन्यात मी म्हटलं होतं की काम सोपं होतं म्हणून जमलं, आणि काम अवघड होतं म्हणून तासन्‌तास घालून जमलं. चुकलेल्या कामांपुढे मात्र एकही "पण" नव्हता! ऑडिटर असून स्वतःच्या खात्यातली अशी एकतर्फी नोंद मला दिसली नव्हती.

---

बापू_सातारा | ६ जून, सायंकाळी ७:३०

कि. मो. फडके सांगत ती अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत ती हीच का? आम्ही शिक्षकांसाठी त्यावर एक शिबिर घेतलं होतं. त्यात पुराव्यापेक्षा "च" वर भर होता असं आठवतं. "मला आलंच पाहिजे" मधला "च".

---

रानजाई | ६ जून, रात्री १०:०५

बापू, छान आठवण केलीत. घराणं एकच, पण चाल वेगळी. मी वर सांगितलं ते अ‍ॅरन बेक यांच्या वळणाचं: तुझा निष्कर्ष खरा आहे का, तपासून बघू. एलिस तिथे थांबले नसते. त्यांनी विचारलं असतं, समजा निष्कर्ष खरा निघाला, तू खरोखरच साधारण शिक्षिका आहेस, तर? तर तुझी माणूस म्हणून किंमत कशी कमी होते? नुसता पुरावा गोळा केला तर पुढच्या चुकीला तो ढासळू शकतो. "च" ढिला झाला तर चूक पचते. पण पहिल्याच दिवशी हा प्रश्न विचारला तर माणसाला वाटतं, "म्हणजे यांनाही मी साधारणच वाटते!" म्हणून मी तो मागून विचारते. माझे काही सहकारी नेमकं उलट करतात.

---

निळीशाई | २६ जून, रात्री १०:५०

तीन आठवड्यांनी येतेय. दोन प्रयोग केले.

पहिल्याचं भाकीत: मी "माहीत नाही" म्हटलं तर पाच तरी मुलं हसतील किंवा एकमेकांकडे बघतील (खात्री ८० टक्के), पुढच्या तासाची हजेरी ४६ वरून ३५च्या खाली येईल (६०), आणि आठवड्यात विभागप्रमुखांकडे बोलणं जाईल (५०). मूळ समजुतीवर विश्वास ९०.

गजर वाजला तेव्हा अर्धं पान राहिलं होतं. हात अक्षरशः वहीवरून उचलवत नव्हता. तासात दहा मिनिटं सोडली. पहिली तीन मिनिटं कुणीच बोललं नाही, पंख्याचा आवाज फक्त. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, गरम पाणी गार पाण्याच्या आधी गोठतं म्हणतात, ते खरं का?" मला धड येत नव्हतं. म्हटलं, "मला माहीत नाही. सोमवारी सांगते."

हसलं कुणी नाही. दोघांनी ते वहीत लिहून घेतलं.

घरी वाचत बसले. टांझानियातल्या एरास्टो एम्पेम्बा नावाच्या शाळकरी मुलाला १९६३ साली आइस्क्रीम करताना हे दिसलं. शिक्षकांनी त्याची टर उडवली होती. पुढे डेनिस ऑस्बोर्न या प्राध्यापकांनी त्याचं म्हणणं मनावर घेतलं आणि १९६९ साली दोघांनी मिळून त्यावर लिहिलं. आणि परिणाम खरा आहे की मोजमापाची गफलत, यावर अजून वाद चालू आहे. म्हणजे मी पाठ करून ठेवलं असतं असं पक्कं उत्तर नव्हतंच. सोमवारी हजेरी ४४. त्याच मुलीने विचारलं, "मॅडम, आपल्या लॅबमध्ये करून बघायचं?" थर्मामीटर दोन्ही भांड्यांत कुठे ठेवायचा यावरच वीस मिनिटं वाद झाला. माझ्या तासात असं पूर्वी कधी झालं नव्हतं. तक्रार गेली नाही. विश्वास ९० वरून ६५.

दुसरा प्रयोग बिघडला. थर्मोतली मॅक्सवेलची समीकरणं होती. सुरुवातीलाच तोंडातून निघून गेलं, "आज घसा बसलाय, सांभाळून घ्या." (रानजाई, तुमचं वाक्य त्याच क्षणी आठवलं.) आणि गिब्जच्या ऊर्जेवरून समीकरण काढताना फळ्यावर वजाचं चिन्ह राहिलं. तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, वजा राहिलं." कान गरम झाले. तरी तिथेच विचारलं, "पुस्तक नसतं तर वजा हवं हे कसं ओळखलं असतंत?" थोडा वेळ शांतता, मग एक जण म्हणाला, वायू तापवला की फुगतो, आणि तापमान तेच ठेवून दाबला की त्याची एन्ट्रॉपी घटते, म्हणजे एक बाजू वाढती आणि दुसरी घटती, मग वजा हवंच. हे मी शिकवलेलं नव्हतं.

पण रात्री झोप लागली नाही. विश्वास परत ८० झाला. मग हा प्रयोग फसला ना?

---

गावठी_कॉफी | २७ जून, सकाळी ८:४०

ताई, मी पकडलेला एकही माणूस चूक दाखवल्यावर "कसं ओळखलंत" असं विचारणारा नव्हता. पहिला शब्द "तुम्ही कोण विचारणारे" हाच.

---

रानजाई | २७ जून, दुपारी २:३०

प्रयोग फसला नाही, दोन भाकितं एकात अडकली. "चूक होईल" हे एक, ते खरं ठरलं. "चूक झाली की मी उघडी पडेन" हे दुसरं. तिसऱ्या बाकावरच्या मुलाने नेमकं काय उघडं पाडलं, तेवढंच एका ओळीत लिहा. एक चिन्ह. घशाची सबब पुढच्या वेळी नको, कारण तिच्यामुळे या तासातलं चांगलंसुद्धा तुम्ही मुलांच्या सांभाळून घेण्यात जमा कराल. आणि आकडा खालीवर होणारच. मी ९० वरून ४० पर्यंत यायला वर्ष लागलेली माणसं पाहिली आहेत. अडकून राहिलेलीही पाहिली आहेत.

बापूंचा प्रश्न विचारायची वेळ मात्र आता आली आहे. समजा तुम्ही चांगल्या पण असामान्य नसलेल्या शिक्षिका आहात, तर काय मोडतं?

---

पाचवापांडव | २७ जून, सायंकाळी ५:१५

माझं पहिलं म्हणणं मागे घेतो. पण रानजाई, हे सगळं तपासलेलं आहे का? या उपायाने इतक्या टक्के लोकांना फरक पडला, असा अभ्यास?

---

रानजाई | २७ जून, रात्री ९:४५

रास्त प्रश्न. २०२० साली ६२ अभ्यासांचा, चौदा हजारांवर माणसांचा एकत्रित आढावा निघाला. ही भावना किती जणांत असते याचे आकडे ९ टक्क्यांपासून ८२ टक्क्यांपर्यंत पसरलेले होते, कारण प्रत्येकाची मोजपट्टी आणि रेघ वेगळी. आणि खास या भावनेवरच्या उपचाराची चाचणी घेणारा एकही अभ्यास त्यांना सापडला नव्हता. आम्ही ही साधनं वापरतो ती चिंता आणि नैराश्यावर तपासलेली आहेत, तिथून उसनी घेतलेली. सोबत चिंता किंवा नैराश्य खरोखर असेल तर त्यावर वेगळे उपचार करावे लागतात. झोप महिनाभर अशीच उडत राहिली तर निळीशाई, धाग्यावर थांबू नका, कुणाला तरी प्रत्यक्ष भेटा.

---

निळीशाई | ३० जून, रात्री ११:२०

झोप आता बरी आहे.

"काय मोडतं" यावर तीन दिवस घालवले. आधी लिहिलं, सगळंच मोडतं. मग लक्षात आलं की मला घडवणारे बापट सर असामान्य नव्हतेच, फळ्यावर चुकायचे आणि डस्टरने पुसून "परत बघू" म्हणायचे. त्यांच्या बाबतीत काहीच मोडलं नव्हतं. माझ्या बाबतीत मोडेल असं अजून वाटतं, पण का ते वाक्य पूर्ण करता येत नाही. विश्वास आज ७०.

विद्यापीठाला कळवलं. दोनऐवजी एक व्याख्यान देते म्हटलं, विषय एम्पेम्बा आणि मोजमापाचा वाद. शेवटची पंधरा मिनिटं प्रश्नांना. तयारी किती तास ठेवू? मी मनात आठ धरलेत. रानजाई, जास्त होतात का?

---

तळ्यातमळ्यात | ३० जून, रात्री ११:३१

प्राध्यापकांसमोर नव्या विषयावर पहिल्यांदा बोलताय, आठ मला रास्त वाटतात. नववा लागला तर तो कशाच्या भीतीने लागला तेवढं लिहून ठेवा.

---

उंबरठा | १ जुलै, सकाळी ६:५५

व्याख्यान कधी आहे ते कळवा. आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलीचं पाणी शेवटी कुठलं आधी गोठलं?

---

निळीशाई | १ जुलै, सकाळी ७:२०

सहा वेळा केलं. चार वेळा गार, दोन वेळा गरम. फ्रीझर जुना आहे, दोन्ही भांड्यांखाली बर्फ सारखा नव्हता. मुलं शनिवारी परत करणार आहेत.